घराची आठवण आणि साडेनऊचा फोन

"ताई, श्टुटगार्टला येऊन दीड वर्ष झालं. वॉर्डात सगळे नीट वागतात, पगार वेळेवर होतो. तरी दिवाळीपासून रोज घर आठवतंय. ड्युटीवरून आले की पाच वाजता आईला व्हिडिओ कॉल करते आणि ठेवला की तासभर रडते. आईपण हल्ली तुटक बोलते. तिकीट काढून सरळ निलंग्याला यावंसं वाटतं. हे कधी जातं का? का मीच कच्ची आहे?"

अगं, आधी काकूंच्या तुटक बोलण्याचं बघू, कारण त्याचं उत्तर घड्याळात आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं एक तास मागं गेली. उन्हाळ्यात तुझ्या-माझ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, आता साडेचार तासांचा आहे. तू फोन पाचलाच करतेस, पण तेव्हा निलंग्यात साडेआठ वाजलेले असायचे, आता साडेनऊ वाजतात. साडेआठला काकूंची जेवणं झालेली, भांडी उरकलेली, गप्पा मारायला त्या मोकळ्या. साडेनऊला अंथरूण पडलेलं. पहाटे उठून सडा-सारवण करणारी बाई ती, तिला त्या वेळी डोळे उघडे ठेवणं जड जातं. आणि "लेकी, उशीर होतोय गं" हे ती जन्मात म्हणणार नाही. जांभई दाबत "हं, हं" करते, आणि तिकडं तुला वाटतं की आईचं मन लागेना झालं.

हे मला तुझ्या पोस्टवरून नाही कळलं. माझा मुलगा-सून एडमंटनला आहेत, लेक आइंडहोव्हनला, आणि लातूरच्या घरात मी एकटी. फोनच्या या टोकाला बसून मीही "हं, हं" केलेलं आहे. समुपदेशनाच्या कामातही गेली कित्येक वर्षं दोन्ही टोकांची माणसं समोर बसतात, कधी सुटीवर आलेलं लेकरू तर कधी मागं राहिलेले आईबाप. दर नोव्हेंबरात हेच गाऱ्हाणं येतं आणि घड्याळ मागं गेल्याचं क्वचितच कुणाच्या ध्यानात येतं.

आता कच्चेपणाचं. १६८८ साली बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घराच्या ओढीवर प्रबंध लिहिला होता. बाझेल तुझ्यापासून फार लांब नाही. त्यात बर्नहून बाझेलला शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. तो झुरत गेला, ताप भरला, वाचेल असं कुणाला वाटेना. शेवटी त्याला गावी न्यायचं ठरलं तसा तो सुधारायला लागला. बर्न ते बाझेल हे अंतर आपल्या लातूर-नांदेडपेक्षाही कमी आहे बघ. तुझं गाव जवळजवळ सात हजार किलोमीटरवर आहे, दिवसभर परक्या भाषेत पेशंट सांभाळायचे, त्यातून म्हाताऱ्या पेशंटची तिथली श्वाबी बोली बी-टूच्या जर्मनच्या वर्गात कुणी शिकवलेली नाही. दीड वर्षानंतरही ओढ लागणं यात नवल काहीच नाही. पहिल्या वर्षी माणूस कागदपत्रं, परीक्षा, घरभाडं यांत गुंतलेला असतो. नोकरी बसली, हात रिकामा झाला की आठवण जागा शोधत येते. म्हणून पुष्कळांना पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी जास्त त्रास होतो, हे मी तरी सारखं पाहते.

तुझ्या बाबतीत मला खोट दिसते ती त्या पाचच्या फोनच्या रचनेत. दोनला पाळी सुटते, सामान घेऊन घरी पोचतेस, जरा पडतेस, उठेपर्यंत बाहेर अंधारून आलेलं असतं. डिसेंबरात तिकडचा दिवस जेमतेम सव्वाआठ तासांचा, आपल्याकडं तेव्हाही अकरा तास ऊन असतं. अंधारात, एकट्या खोलीत, थकलेल्या अंगानं तू फोन लावतेस. आणि फोननंतर झोपेपर्यंत करायला काहीच ठेवलेलं नसतं. मग तो तासभर रडण्यालाच मिळणार.

शिवाय व्हिडिओवर होतं काय ते बघ. "जेवलीस का?" "जेवले. तू?" "झालं." "अजून काय?" "काही नाही, तू सांग." एवढ्यावर बोलणं संपतं आणि मग उरतं ते बघणं. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, काकूंचं अर्धं कपाळ, मागं भिंतीवरचं कॅलेंडर, मधूनच कुणीतरी "कोण, ताई का?" म्हणत डोकावून जातं. तू घर बघत बसतेस, घरात मात्र नसतेस. ओढ ज्यावर पोसली जाते ते नेमकं हेच आहे, काही न करता घराकडे टक लावून बसणं.

म्हणून फोन कमी कर असं मी म्हणत नाही. फोन हलव. सकाळच्या पाळीच्या दिवशी घरी जाता जाता, पावणेतीनच्या सुमारास कर. निलंग्यात तेव्हा सव्वासात वाजतात, दिवेलागण होऊन गेलेली, काकू चुलीपाशी किंवा गॅसपाशी. व्हिडिओ नको, नुसता आवाज, कानात इअरफोन घालून चालत चालत. दोन स्टॉप आधी उतर आणि घरापर्यंत बोलत जा. यात दोन गोष्टी साधतात. उजेड असेपर्यंत तू बाहेर असतेस, आणि ढगाळ दिवसाचाही उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. दुसरं म्हणजे फोन संपतो तेव्हा तू रस्त्यावर, चार माणसांत असतेस, पलंगाच्या कडेवर नसतेस. दुपारच्या पाळीच्या दिवशी सकाळी नऊला कर, तिकडं दीड वाजलेला असतो, काकू जेवून जरा टेकलेल्या असतात. रात्रपाळीच्या आठवड्यात रोजचा फोन सोडून दे. एक व्हॉइस मेसेज टाकून झोप. झोपमोड झालेल्या डोक्याला घर दुप्पट आठवतं हे तुला नर्सला मी काय सांगू. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढं जातील, तेव्हा वेळा परत जुळवून घे आणि काकूंनाही आधी सांग. पाळीचा महिन्याचा तक्ता हाती आला की फोनच्या वेळा लिहून भावाला पाठव, तो भिंतीवर लावेल. वाट बघणारीलाही त्यानं बरं पडतं. मुलाचा फोन कधी येईल हे माहीत नसलं की मी संध्याकाळभर फोन घेऊन घरात फिरते, हे त्याला अजून ठाऊक नाही.

व्हिडिओ आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी ठेव, पण हाताला काम लावून. तू कणीक मळ, त्या भाजी निवडू देत. किंवा त्यांच्याकडून एखादा पदार्थ करून घे, म्हणजे त्या सांगणार आणि तू करणार. "अजून काय?" हा प्रश्न मग येतच नाही, कारण "अगं, गॅस बारीक कर" म्हणण्यात आईचा वेळ जातो.

यासाठी तुला येळवशीइतका, म्हणजे वेळा अमावास्येइतका चांगला दिवस मिळणार नाही. तुझ्या पोस्टमध्ये नाही, पण माझा अंदाज आहे की ती जवळ येतेय म्हणूनही तू हळवी झाली असशील. तिकडच्या मराठी मंडळात गणपती होतो, दिवाळी होते, पण मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात जाऊन कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, पांडवांची पूजा करायची, भज्जी आणि अंबील पोटभर खायची, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगूनही कळत नाही. मराठी माणसांच्या घोळक्यात उभं राहून एकटं वाटतं ते इथं. लातूर-धाराशिवकडची पोरं सणासुदीला बरी असतात आणि येळवशीला मोडतात, असं मी बरेचदा बघितलंय.

तर या वर्षी भज्जी कर. तुरीचे आणि हरभऱ्याचे ओले दाणे तिकडं मिळायचे नाहीत, पण गोठवलेला वाटाणा आणि तसेच गोठवलेले पावट्याचे दाणे मिळतात, पालक मिळतो, मेथी देशी दुकानात गोठवलेली असते. दाणे आणि पाला शिजवून घे, ताकात कालवलेलं बेसन लाव, चिंच, हिरवी मिरची, लसूण, आणि मंद आचेवर रटरटू दे. बेसनाच्या गुठळ्या झाल्या तर काकू फोनवरूनच ओरडतील, तेवढं चालतं. अंबिलीला ज्वारीचं पीठ लागतं. भारतीय किंवा आफ्रिकी दुकानात बघ. ते ताकात कालवून आदल्या रात्री आंबायला ठेव. पण तुमच्या थंडीत एका रात्रीत आंबत नाही, म्हणून हीटरजवळ ठेव आणि आंबूस वास आला का ते सकाळी बघ. वॉर्डातल्या दोघींना जेवायला बोलाव. त्यांना कोप म्हणजे काय हे तुझ्या मोडक्या जर्मनमध्ये समजावून सांगताना तुला जितकं बरं वाटेल, तितकं एकटीनं फोटो बघून वाटणार नाही.

आता तुला एक काम देते. सात दिवस, रडू आलं की लगेच फोनच्या नोंदवहीत तीन गोष्टी टाक. किती वाजले होते, कुठं होतीस, आणि रडू येण्याच्या बरोब्बर आधी डोक्यात काय आलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. "घर आठवलं" असं लिहू नको, घरातलं नेमकं काय ते लिही.

माझ्या लेकीनं हे केलं होतं, तिला विचारूनच लिहिते. तिला वाटत होतं की तिला मी आठवते. (मलाही तसं वाटून बरंच वाटत होतं.) पण नोंदी बघितल्या तर बहुतेक एकाच वेळच्या होत्या. कामावरून येऊन कुलूप काढायचं आणि आतून कुणाचाच आवाज यायचा नाही, त्या क्षणाच्या. आई, घर, लातूर हे सगळं पुढचं. मुळात खटकत होतं ते हे की आपण आलो काय नि नाही काय, कुणाला पत्ता नाही. आता यावर आईला जास्त फोन करणं हा उपाय होत नाही, कारण आईला दाराचा आवाज ऐकू जात नाही. तिनं एकटीची खोली सोडून दोघींबरोबर सामायिक घर घेतलं. भाडंही थोडं वाचलं. त्या दोघींतली एक ब्राझीलची, एक तिथलीच, मराठीचा गंध नाही. तरी संध्याकाळचं रडणं पुष्कळ कमी झालं. उरलं ते सणासुदीचं आणि आजारपणातलं, ते अजूनही आहे.

दुसऱ्या कुणाच्या नोंदीत दुसरं निघतं. एका मुलाच्या नोंदीत वडिलांचा खोकला निघाला. त्याला घर आठवत नव्हतं, त्याला भीती वाटत होती. या दोन्हींना माणूस आठवणच म्हणतो, पण भीतीवर भज्जीनं काही होत नाही. तिच्यासाठी व्यवस्था लावावी लागते. मला वाटतं तुझ्याही नोंदीत थोडंफार हे निघेल, कारण काकूंची शुगर तुला माहीत आहे आणि त्या खरं सांगत नाहीत हेही माहीत आहे.

त्या खरं सांगत नाहीत, हे मी खात्रीनं सांगते, कारण इकडचे आम्ही सगळेच तसे आहोत. फोन यायच्या आधी आम्ही केस नीट करतो, सुजलेला पाय खुर्चीखाली घेतो, औषधाची पिशवी बाजूला सरकवतो. लेकरं तिकडं एकटी, त्यांच्या जिवाला घोर नको, एवढंच मनात असतं. आणि लेकरं इतकी हुशार की त्यांना आवाजावरून कळतंच. मग घोर दुप्पट होतो, कारण काय झालंय ते माहीत नाही आणि काहीतरी झालंय हे माहीत आहे.

यावर काकूंना "खरं सांग" म्हणून काही उपयोग नाही, त्या "सगळं ठीक हाय" हेच म्हणणार. खरं सांगणारा माणूस वेगळा नेम. भाऊ किंवा भावजय, ज्याचा स्वभाव सरळ आहे तो. त्याच्याशी एवढंच ठरव की आईला दवाखान्यात न्यावं लागलं तर त्याच दिवशी तुला मेसेज येईल, चांगलं असो की वाईट. आणि मेसेज आला नाही म्हणजे तसं काही झालेलं नाही, असं तू धरून चालायचं. हे दुसरं कलम पहिल्याइतकंच गरजेचं आहे. त्यामुळं फोनवर आईचा आवाज तपासत बसायची तुझी सवय सुटते.

त्याबरोबर एक कागद करून ठेव. त्यावर चालू गोळ्यांची नावं आणि डोस, कशाची ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, मागचे रिपोर्ट कुठल्या कपाटात आहेत, रात्री-अपरात्री लातूरला न्यायला गाडी कुणाची, आधार आणि विम्याचं कार्ड कुठं, आणि पहिले पैसे कुणाच्या खात्यातून जातील. एक प्रत तुझ्याकडे, एक भावाकडे, एक शेजारी. वॉर्डात तू पेशंटची अशी नोंद रोज करतेस, तेच आईचं करायचं. हा कागद झाल्यावर रात्रीची झोप सुधारली असं मला बऱ्याच जणांनी सांगितलंय.

तिकिटाबद्दल. परत यायचं की नाही हे मी ठरवणार नाही, पण कधी ठरवायचं नाही ते सांगते. संध्याकाळी नाही, रात्रपाळीनंतर नाही, फोन ठेवल्या-ठेवल्या नाही, आणि गावाहून परतल्यावरच्या पहिल्या पंधरा दिवसांत तर अजिबात नाही. सुटीवरून गेल्यावर ओढ पुन्हा पहिल्या दिवसासारखी उसळते, आणि माणसाला वाटतं की आपण जिथं होतो तिथंच आहोत. तसं नसतं, ती उतरते. पूर्ण झोप झालेल्या सुटीच्या दिवशी, भर दुपारी, हाच विचार पुन्हा कर. असा तो मार्चपर्यंत, म्हणजे दिवस मोठा होईपर्यंत, दर वेळी तसाच ठाम राहिला, तर तो नुसत्या आठवणीचा राहत नाही आणि मग खुशाल ये. त्यात हार वगैरे काही नाही. त्याआधी तुझा करार काढून वाच. भाषेच्या वर्गाचा किंवा प्रवासाचा खर्च मालकानं केला असेल तर ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास परतफेडीची अट असू शकते, आणि ती रक्कम किती हे विमानात बसण्याआधी माहीत असलेलं बरं. सुटीसाठी येणार असशील तर मात्र तिकीट आजच काढ, उन्हाळ्याचं असलं तरी. तारीख ठरलेली असली की मधले महिने कापणं सोपं जातं.

आता शेवटचं, आणि हे मैत्रीण म्हणून कमी, कामाच्या नात्यानं जास्त. घरची ओढ येते आणि जाते. वॉर्डात काम करताना, कुणी हसवलं की, चांगलं जेवण मिळालं की ती तेवढ्यापुरती बाजूला होते. तुझं तसं होतंय का ते बघ. जर कशातच जीव लागेना, हसणाऱ्या मैत्रिणीचाही कंटाळा येऊ लागला, पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागेना, जेवण तुटलं, आणि हे दोन आठवडे रोज चाललं, तर त्याला आठवण म्हणत बसू नको. नैराश्य तपासायचा तो नऊ प्रश्नांचा तक्ता तू पेशंटकडून भरून घेतला असशील, तोच स्वतःसाठी प्रामाणिकपणे भर. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर तुझ्या तिकडच्या घरच्या डॉक्टरची वेळ घे, आणि जाशीलच तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घे, थकवा कधीकधी तिथून येतो. नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगणं नको वाटण्याच्या, शून्याऐवजी काहीही आलं तर गुण मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असेल तर फोनवरून धीर देणाऱ्या टेलिफोनझेलझोर्गे या सेवेचा ०८०० १११०१११ हा नंबर चोवीस तास फुकट लागतो, आणि माझाही फोन उशाशीच असतो. माझी झोप तशीही एडमंटनच्या वेळेनं चालते.

येत्या रविवारी मला निलंग्याला जायचंच आहे. तू हो म्हण, मी काकूंकडे जाऊन तो कागद त्यांच्यासमोर बसून भरून घेते आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो तुला पाठवते. फक्त भावाला आधी सांगून ठेव, नाहीतर त्यांना वाटायचं काय झालं म्हणून बाई दारात आली.